रद्दीत गेलेली फाइल आणि तुमच्या कपाटातली प्रत

२० सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
वैद्यकीय अभिलेख कक्ष,
तळमजला, लिफ्टच्या मागे.

विषय : आईचे हरवलेले सीटी स्कॅन, त्याचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या दुय्यम प्रती मिळण्याबाबत.

महोदय,

याच विषयाचा अर्ज मी मंगळवारी, १६ तारखेला, तुमच्या खिडकीवर दिला होता. खिडकीतल्या मुलाने तो वाचला, काचेखाली सरकवला आणि "फोन करू" म्हणाला. मी पोच मागितली तर म्हणाला, "पोच देत नाही आम्ही." फोन आला नाही. म्हणून तोच अर्ज आता सगळ्यांसमोर, जरा सविस्तर लिहिते आहे. रुग्णालयाचे नाव घालत नाही, कारण ही खिडकी पुष्कळ ठिकाणी आहे आणि वाचणाऱ्याला आपली ओळखता येईल.

आधी माझ्याबद्दल. मी सव्वीस वर्षे नगरपालिकेत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसले. तिथून काय काय दिसते ते मला ठाऊक आहे. लोक तारीख चुकीची सांगतात, नाव तीन तऱ्हेने सांगतात आणि सगळ्यांनाच आज हवे असते. तेव्हा तुमच्या कक्षाला शिव्या घालायला हे पत्र नाही.

फाइल कशी गेली तेही सांगून टाकते, कारण तुमच्या छापील फॉर्ममध्ये "गहाळ होण्याचे कारण" असा रकाना आहे. गणपतीच्या आधी घराची आवराआवर चालली होती. वहिनीने माळ्यावरची वर्तमानपत्रे काढली, त्यातच ती खाकी पिशवी होती. रद्दीवाल्याने वर्तमानपत्रे किलोने घेतली आणि पिशवीतल्या काळ्या फिल्म पाहून खूश झाला. जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी काढतात, त्यामुळे तो माल वेगळ्या भावाने जातो. वहिनीला वाटले, आई बरी होऊन तीन वर्षे झाली, आता काय करायचेत हे. मीही तिथे असते तर कदाचित तेच म्हटले असते.

गौरी गेल्या आणि आईचा खोकला काही जाईना. छातीचा सीटी झाला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात ९ मिलिमीटरची एक गाठ निघाली. छातीच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला : "जुना एखादा स्कॅन आहे का?"

होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आई तुमच्याकडे नऊ दिवस होती. पित्ताशयातला खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आली होती. तेव्हा पोटाचा सीटी झाला होता, आणि राउंडला आलेले डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, "फुफ्फुसाच्या टोकाला एक डाग दिसतोय, जुना असेल, पुढे कधीतरी बघू." सूज, सलाईन, बिल या धांदलीत ते "पुढे कधीतरी" मागेच राहिले.

पोटाच्या स्कॅनमध्ये फुफ्फुस कसे आले, असा प्रश्न मलाही पडला होता. पोटाचा सीटी घेताना यंत्र यकृताच्या थोडे वरून काप घ्यायला सुरुवात करते, म्हणजे यकृताचा माथा सुटत नाही. फुफ्फुसांची खालची टोके त्याच उंचीला असतात, त्यामुळे पहिल्या काही कापांत ती आपोआप येतात. आईची गाठ खालच्या भागातच आहे. म्हणजे आज जिच्याबद्दल डॉक्टर विचारताहेत ती गाठ तीन वर्षांपूर्वी होती की नव्हती, असली तर केवढी होती, याचे उत्तर तुमच्या सर्व्हरवर असलेल्या पोटाच्या स्कॅनच्या पहिल्या वीस-तीस चित्रांत आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

त्या उत्तराने काय फरक पडतो, ते डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवले. भरीव गाठ दोन वर्षांहून अधिक काळ आहे तेवढीच राहिली, तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी धरली जाते. आपल्याकडे अशा पुष्कळ गाठी जुन्या क्षयाचे वण असतात. ती नवीन असेल किंवा वाढली असेल, तर पुढे पेट स्कॅन, आणि मग फासळ्यांमधून सुई घालून तुकडा काढणे. त्या सुईने कधी कधी फुफ्फुसाभोवती हवा भरते आणि नळी टाकावी लागते. आई सत्तरीला टेकली आहे. जुनी चित्रे मिळाली तर हे सगळे कदाचित टळेल, किंवा निदान कशासाठी करतोय ते कळून करता येईल.

मंगळवारी खिडकीतल्या मुलाने मला विचारले होते, "रिपोर्टची झेरॉक्स दिली तर चालणार नाही का? त्यात लिहिलेले असतेच." ते बरोबर नाही, आणि का ते लिहिते, कारण तुमच्या फॉर्मवरही फक्त "रिपोर्ट" असाच शब्द आहे.

समजा रिपोर्टमध्ये "७ मिमी" लिहिले आहे आणि आज ९ मिमी आहे. दोन मिलिमीटर म्हणजे काही नाही असे आपल्याला वाटते. पण गाठ गोलासारखी वाढते, रेषेसारखी नाही. व्यास सातावरून नऊवर गेला की आकारमान दुपटीहून जास्त होते. म्हणजे हे खरे असेल तर गाठ चांगलीच वाढली. पण खरे आहे का? २०२२ ला एका डॉक्टरने मोजले, आता दुसऱ्याने. कदाचित तेव्हाचे काप ५ मिलिमीटर जाडीचे होते आणि आताचे १ मिलिमीटरचे. जाड कापात लहान गाठीची कड पुसट दिसते, आणि नुसत्या मोजण्याच्या फरकानेही दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. म्हणून दोन्ही वेळची चित्रे एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून एकाच नजरेने मोजावी लागतात. आणि त्या रिपोर्टमध्ये आकडा असेलच असेही नाही. पोटाच्या रिपोर्टमध्ये फुफ्फुसाला शेवटी एक ओळ मिळते, मिळाली तर.

फिल्मचेही तसेच. रद्दीत गेल्या त्या फिल्म आज हातात असत्या तरी बहुधा उपयोग झाला नसता, हे मला आता कळले आहे. एका मोठ्या फिल्मवर वीस-पंचवीस चौकोन छापतात. पोटाच्या स्कॅनला ते पोट नीट दिसेल अशा छटेत छापतात आणि त्या छटेत फुफ्फुस नुसते काळे दिसते. काळ्यात गाठ कुठे शोधणार? संगणकावरच्या मूळ चित्रात मात्र छटा बदलता येते. पोटाचे तेच चित्र एका क्लिकवर फुफ्फुसाचे होते. मूळ चित्रात हजारो छटा साठवलेल्या असतात, मोबाइलवर पाठवायच्या फोटोत अडीचशेच्या आसपास उरतात. गाठीत कॅल्शियम आहे का, चरबी आहे का, हे त्या छटांच्या आकड्यांवरूनच मोजतात. म्हणून माझी मागणी "स्कॅनचा फोटो" अशी नाही. ती अशी आहे : ऑक्टोबर २०२२ च्या पोटाच्या सीटीची मूळ डायकॉम चित्रे, सर्वांत बारीक कापांसह, डीव्हीडीवर.

बारीक काप मुद्दाम लिहिले. माझा भाचा एका स्कॅन सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे, त्याच्याकडून कळले. एका कापाचे चित्र साधारण अर्धा एमबी असते. जाड कापांचे पोट शंभरेक चित्रांत बसते; बारीक कापांची चारशे-पाचशे होतात, म्हणजे दोन-अडीचशे एमबी. सर्व्हर भरत आला की पुष्कळ ठिकाणी आधी बारीक काप पुसतात आणि जाड ठेवतात. तुमच्याकडेही तसे झाले असेल तर जाड चालतील, मी भांडणार नाही. पण बारीक असताना जाड देऊ नका.

आता त्या चक्राबद्दल, ज्यात मी मंगळवारी फिरले. तुमच्या कक्षाने सांगितले, "चित्रे आमच्याकडे नसतात, सीटीला जा." सीटीच्या काउंटरवर सांगितले, "आधी रेकॉर्डचा शिक्का आणा. आणि २०२२ ला इथे दुसरी एजन्सी होती." हे शेवटचे वाक्य ऐकून मी जराशी बसलेच. सीटी विभाग बाहेरच्या कंपनीला चालवायला दिलेला असतो हे मला माहीत नव्हते. एजन्सी बदलली की जुनी चित्रे नव्या सर्व्हरवर हलवावी लागतात, आणि त्या हलवाहलवीत काही राहतात. रुग्ण मात्र तुमच्या रुग्णालयात भरती होता, बिल तुमच्या नावाचे आहे. कोणत्या सर्व्हरवर काय आहे हा शोध तुमच्या आवारातला आहे. तो वाईहून एसटीने स्वारगेटला येणाऱ्या बाईने दोन काउंटरांच्या मध्ये उभे राहून का करायचा?

तुमचे काम सोपे व्हावे म्हणून मी माझ्याकडून जुळवाजुळव केली आहे. मंगळवारी संगणकावर आईचे नाव सापडले नव्हते. मुलाने Shakuntala असे टाकले आणि "नो रेकॉर्ड" आले. माझ्या खिडकीवरचा अनुभव सांगतो की अशा वेळी रेकॉर्ड नसते असे नाही, स्पेलिंग वेगळे असते. घरी येऊन भावाच्या मोबाइलमधले तीन वर्षांपूर्वीचे मेसेज चाळले. बिल भरल्याचा एक एसएमएस सापडला. त्यात नाव Shakuntla असे आहे, एक अक्षर कमी, आणि शेजारी आयपीडी नंबर आहे. रात्री दोन वाजता अ‍ॅडमिट करताना तोंडी सांगितलेले नाव ज्याने टाइप केले, त्याने जसे ऐकले तसे टाकले. तो नंबर, भरतीची तारीख (११ ऑक्टोबर २०२२) आणि डिस्चार्जची तारीख सोबतच्या अर्जात लिहिली आहे. नंबराने शोधा, नावाने नको.

ज्यांना नंबर सापडत नसेल त्यांच्यासाठी, पत्र सगळ्यांपुढेच आहे म्हणून सांगते : औषधाच्या दुकानाची जुनी बिले पाहा. रुग्णालयातल्या मेडिकलच्या बिलावर आयपीडी नंबर बहुतेक वेळा असतो. मेडिक्लेम घेतला असेल तर विमा कंपनीकडे किंवा तिच्या टीपीएकडे डिस्चार्ज कार्डाची प्रत गेलेली असते. आम्ही रोख भरले, त्यामुळे आमची ती वाट बंद.

खिडकीवर माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या : पोलिसांत तक्रार केल्याचा दाखला आणि मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र. ठाण्यात गेले मी. हवालदारांनी विचारले, "हरवली कुठे?" म्हटले, "हरवली नाही, रद्दीत घातली." ते हसले आणि म्हणाले, "मग आम्ही काय लिहू?" बरोबरच आहे त्यांचे.

ओळख पटवून घ्या, ती मागायलाच हवी. कुणीही उठून कुणाचेही कागद नेऊ नयेत. दवाखान्याच्या कागदात माणसाचे सगळे उघडे पडते. म्हणून आईच्या सहीचे अधिकारपत्र, तिचे आधार, माझे आधार आणि नाते दाखवणारा कागद देते आहे. पण वैद्यकीय कागद ही जमिनीची खरेदीखते नव्हेत. दुसरी प्रत दिल्याने कुणाचे काही बुडत नाही, आणि मूळ नोंद तुमच्याकडे तशीच राहते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत कलम १.३.२ आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले तर मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांत कागद द्यावेत, असे ते सांगते. त्यात पोलीस नाहीत की मुद्रांक नाही. दिले नाहीत तर कलम ७.२ प्रमाणे ते डॉक्टरचे गैरवर्तन ठरते. केस पेपर गोपनीय आहेत म्हणून खुद्द रुग्णालाच नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा खटल्यात १९९६ मध्येच सांगून ठेवले आहे.

तुमच्याकडचे एक गृहस्थ म्हणाले होते, "आता पाच दिवसांचा नियम झालाय." ते नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले हे खरे, पण त्याच महिन्यात स्थगितही झाले. आणि मला ७२ तास की पाच दिवस यावर वाद घालायचा नाही. पोचच दिली नाही तर तास मोजायला सुरुवात कुठून करायची? शिक्का मारलेली पोच मिळाली तर पाच दिवसही मी आनंदाने थांबेन.

थांबता न येण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. त्याच संहितेचे कलम १.३.१ म्हणते की भरती रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायची. आईचे उपचार ११ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले. म्हणजे येत्या ११ ऑक्टोबरला तुमच्यावरचे बंधन संपते. पुढे ठेवायची की नाही हे तुमच्या धोरणावर आहे. काही रुग्णालये जुनी फाइल नष्ट करण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतात, तुमच्याकडे तशी पद्धत आहे का मला ठाऊक नाही. माझ्या खिडकीतली नोंदवही कायमची असायची; पन्नास वर्षांपूर्वीचा जन्मदाखला मी धूळ झटकून काढून दिला आहे. तुमच्या कपाटाला मुदत आहे. या अर्जाच्या आधारे आईची फाइल आणि तिची चित्रे निदान प्रत मिळेपर्यंत काढून बाजूला ठेवावीत, ही माझी पहिली विनंती आहे, प्रतीच्याही आधीची.

आता नेमके काय हवे ते. भरतीच्या काळातली सगळी जाडजूड फाइल, म्हणजे रोजचे तापाचे तक्ते, नर्सच्या नोंदी, संमतिपत्रे, हे मला नको. झेरॉक्सवाल्याचा आणि तुमचा वेळ जाईल. मला डिस्चार्ज कार्ड हवे, दोन्ही पाने. सीटीचा रिपोर्ट हवा. त्या रिपोर्टमध्ये नंतर दुरुस्ती केली असेल तर मूळ आणि दुरुस्त, दोन्ही. आणि वर सांगितलेली चित्रे. तुमचे छपाईचे आणि डीव्हीडीचे जे शुल्क असेल ते पावती घेऊन भरते.

प्रत काढताना एक काळजी घ्यावी. माझ्या भाच्याच्या सेंटरमध्ये पुन्हा छापलेल्या रिपोर्टच्या डोक्यावर आजची तारीख येते, कारण संगणक छापण्याची तारीख टाकतो. मग नवा डॉक्टर तो कालचाच स्कॅन समजतो. आमच्या बाबतीत सगळा प्रश्नच तारखेचा आहे. स्कॅन केल्याची तारीख कागदावर स्पष्ट असू द्या आणि त्यावर "दुय्यम प्रत" असा शिक्का, सही आणि आजची तारीख वेगळी. तेव्हा ज्या डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला ते आता तुमच्याकडे नसतील, तर त्यांची नवी सही शोधू नका. तुमच्या कक्षाची सत्यप्रत पुरेशी आहे.

डीव्हीडी मी तिथेच, तुमच्या समोर उघडून पाहणार आहे. रागावू नका. भाच्याने सांगितले आहे : डीव्हीडीवर DICOMDIR नावाची फाइल असायला हवी, आणि चित्रे शेकड्यांत असायला हवीत. आत नुसत्या पाच-सहा .jpg फाइली दिसल्या तर ती डीव्हीडी आमच्या कामाची नाही, ती घेऊन मी वाईला परत गेले तर पुन्हा यावे लागेल, आणि पुन्हा तुम्हालाच त्रास. चित्रावर आईचे नाव Shakuntla असेच असेल. ते दुरुस्त करू नका. जसे तेव्हा होते तसेच येऊ द्या, दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे मी लिहून देते.

आणि चित्रे नसतील तर? हलवाहलवीत गेली असतील, पुसली असतील, होऊ शकते. मग तसे लिहून द्या : "अमुक तारखेचा स्कॅन आमच्याकडे उपलब्ध नाही." चार ओळी, शिक्का. हे मिळाले तरी माझे काम पुढे सरकते. डॉक्टर जुन्या स्कॅनची वाट पाहत थांबले आहेत; ५ ऑक्टोबरपर्यंत थांबू म्हणाले. नाही असे कळले तर ते पेट स्कॅनची तारीख घेतील. नुसते "फोन करू" म्हटल्यावर मात्र त्यांना पुढेही जाता येत नाही आणि थांबताही येत नाही.

बुधवारी, २४ तारखेला, मी पहिल्या गाडीने निघते, दहापर्यंत तुमच्या खिडकीशी पोचेन. सोबत अर्जाच्या दोन प्रती असतील, एक तुमच्यासाठी आणि एक पोचेचा शिक्का घेण्यासाठी. पेन ड्राइव्ह तुम्ही संगणकाला लावू देत नाही असे कळले, म्हणून दोन कोऱ्या डीव्हीडी आणते, एक खराब निघाली तर दुसरी असावी. भाच्याचा लॅपटॉप आहे, त्याला डीव्हीडी चालते.

आपली,
एका रुग्णाची मुलगी, वाई

सोबत : अर्ज, अधिकारपत्र, दोघींच्या आधारच्या प्रती, नाते दाखवणारा कागद, बिलाच्या एसएमएसची छापील प्रत.